पहाटेच्या थंडीसाठी थर्मिस्टर: दोन तापमानांचे व्होल्टेज आणि मधली वाकडी रेघ

निफाड तालुक्यात मामांची द्राक्षबाग आहे. थंडीची लाट आली की पहाटे तिथला पारा पार खाली जातो, मणी तडकायची भीती असते, म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं कोमट पाणी ठिबकमधून सोडतात. त्यासाठी कोणीतरी रात्री उठून तापमापक बघावा लागतो. तापमान ६ अंशांखाली गेलं की घरात बझर वाजावा, एवढंच मामांना हवं होतं. मी थर्मिस्टर, म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा भाग, आणि एक रेझिस्टर घेऊन ते यंत्र नाशिकला घरी बनवलं. खोलीत ३० अंश होते, गिझरचं पाणी ६० अंशांचं होतं. या दोन तापमानांना व्होल्टेज मोजलं, दोन बिंदूंतून सरळ रेघ काढली आणि तीच प्रोग्रॅममध्ये घातली.

पहिल्याच थंड रात्री मामांचा फोन आला. "अरे, हे उणे साडेतीन दाखवतंय, सगळ्या बागेत जाळ करू का?" मी म्हटलं, "मामा, आधी काचेचा तापमापक बघा." त्यावर बरोबर ५ अंश होते. जोडणीत काही चूक नव्हती, वायर तुटलेली नव्हती. चूक त्या सरळ रेघेत होती. ती कशी झाली आणि पुढे कशी काढली, ते आकड्यांसह सांगतो.

डिव्हायडरमध्ये नक्की काय होतं

आपण घेतो तो एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढलं की ज्याचा रोध कमी होतो तो. दुकानात सर्रास मिळणारा थर्मिस्टरचा मणी २५ अंशांना १० किलोओहमचा असतो आणि त्याचा बीटा ३९५० लिहिलेला असतो. बीटा म्हणजे तापमानाबरोबर रोध किती झपाट्याने बदलतो त्याचं माप. रोध काढायचं सूत्र असं, तापमान केल्व्हिनमध्ये धरून:

```
R = 10000 * exp(3950 * (1/T - 1/298.15))
```

प्रोग्रॅम चालवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला रोध मोजता येत नाही, व्होल्टेज मोजता येतं. म्हणून ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये थर्मिस्टर आणि एक साधा रेझिस्टर एकापाठोपाठ जोडायचे आणि मधल्या सांध्यावरचं व्होल्टेज घ्यायचं. या जोडणीलाच डिव्हायडर म्हणतात. थर्मिस्टर मी वरच्या बाजूला, म्हणजे ५ व्होल्टकडे ठेवतो आणि रेझिस्टर खाली ग्राउंडकडे. असं केलं की तापमान वाढताना व्होल्टेजही वाढतं. याचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. वायर तुटली तर व्होल्टेज शून्यावर येतं, यंत्राला वाटतं कडाक्याची थंडी आहे, आणि बझर वाजतो. थर्मिस्टर खाली जोडला असता तर तुटलेल्या वायरीचा अर्थ "खूप गरम" असा झाला असता आणि मामा निवांत झोपले असते.

आता दोन तापमानांचं गणित करू. खालचा रेझिस्टर १० किलोओहमचा धरा.

पहाटेचे ५ अंश म्हणजे २७८.१५ केल्व्हिन. सूत्रातून थर्मिस्टरचा रोध येतो २५,९२५ ओहम. व्होल्टेज ५ × १०,००० ÷ (१०,००० + २५,९२५), म्हणजे १.३९ व्होल्ट.

दुपारचे ३० अंश म्हणजे ३०३.१५ केल्व्हिन. रोध ८,०३७ ओहम आणि व्होल्टेज ५ × १०,००० ÷ १८,०३७, म्हणजे २.७७ व्होल्ट.

२५ अंशांत १.३८ व्होल्ट वाढले, अंशाला सरासरी ५५ मिलिव्होल्ट. इथपर्यंत सगळं सरळ दिसतं आणि म्हणूनच माणूस फसतो.

रेघ कुठे वाकते

६० अंशांना थर्मिस्टरचा रोध २,४८६ ओहम होतो आणि व्होल्टेज ४.००. म्हणजे ३० ते ६० या पट्ट्यात ३० अंशांना फक्त १.२३ व्होल्ट वाढले, अंशाला सरासरी ४१ मिलिव्होल्ट. मी प्रोग्रॅमला शिकवलेला उतार हा होता. पहाटे ५ अंशांना १.३९ व्होल्ट आले. प्रोग्रॅमने हिशेब केला: २.७७ पासून १.३८ व्होल्ट कमी, अंशाला ४१ मिलिव्होल्ट, म्हणजे ३० पासून ३३.६ अंश खाली. उत्तर उणे ३.६. मामांना दिसलेला आकडा साधारण हाच.

हे का होतं ते समजून घ्यायला ओहममध्ये नाही तर टक्क्यांत विचार करा. हा थर्मिस्टर ५ अंशांना दर अंशाला साधारण ५.१ टक्के बदलतो, २५ अंशांना ४.४ टक्के आणि ६० अंशांना ३.६ टक्के. म्हणजे टक्केवारी हळूहळू घटते, पण फार नाही. खरा खेळ डिव्हायडर करतो. दोन्ही रोध सारखे असताना सांधा बरोबर अर्ध्या व्होल्टेजवर असतो आणि थर्मिस्टरमधला तेवढाच टक्के बदल त्याला सर्वांत जास्त हलवतो. थर्मिस्टरचा रोध खूप मोठा झाला की सांधा शून्याकडे दबतो. खूप लहान झाला की तो ५ व्होल्टला जाऊन टेकतो आणि वर सरकायला जागाच उरत नाही. म्हणून ६० अंशांपाशी एका अंशाला जेमतेम २८ मिलिव्होल्ट मिळतात, तर १५ ते २० च्या दरम्यान ५७.

व्होल्टेज आणि तापमान यांचा आलेख काढला तर तो आडव्या ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो. दोन्ही टोकांना तो चपटा असतो आणि मध्ये बराचसा सरळ. या मधल्या भागात दोन बिंदू घेतले तर सरळ रेघ चांगली चालते. वर घेतलेले ५ आणि ३० अंश जोडले, तर १५ अंशांना ती रेघ फक्त ०.१६ अंशाने चुकते. पण तीच रेघ बाहेर ओढली की ४० अंशांना ३९ दाखवते आणि ० ला अर्धा अंश जास्त. माझ्या ३० ते ६० च्या रेघेचं तर आतसुद्धा खरं नव्हतं: ४५ अंशांना ती ४७.३ दाखवत होती.

पडताळणीचे दोन बिंदू आपल्याला हव्या असलेल्या पट्ट्याच्या दोन टोकांना घ्यावेत, आणि त्याबाहेर त्या रेघेवर भरवसा ठेवू नये. मला ० ते २० मोजायचं होतं आणि मी ३० ते ६० शिकवलं होतं.

रेझिस्टरची किंमत आपल्या पट्ट्यानुसार निवडा

थर्मिस्टर १० किलोओहमचा म्हणून रेझिस्टरही १० किलोओहमचा, असं जवळजवळ सगळेच करतात. त्याने एसचा सरळ भाग १८–१९ अंशांच्या आसपास येतो. मामांसाठी तो भाग १० अंशांच्या आसपास हवा होता. वक्र जिथे सर्वांत सरळ आहे तो बिंदू हव्या त्या तापमानावर आणायचं सूत्र आहे:

```
Rf = Rm * (B - 2*Tm) / (B + 2*Tm)
```

इथे `Tm` म्हणजे पट्ट्याच्या मधलं तापमान केल्व्हिनमध्ये आणि `Rm` म्हणजे त्या तापमानाला थर्मिस्टरचा रोध. १० अंशांना, म्हणजे २८३.१५ केल्व्हिनला, रोध २०,१७४ ओहम आहे. हिशेब केला की रेझिस्टर येतो १५,११५ ओहम, आणि बाजारात १५ किलोओहम सहज मिळतो.

आता तेच गणित १५ किलोओहमने करून बघा:

| तापमान | थर्मिस्टर | व्होल्टेज |
|---|---|---|
| ० अंश | ३३,६२१ ओहम | १.५४ |
| ५ अंश | २५,९२५ ओहम | १.८३ |
| १० अंश | २०,१७४ ओहम | २.१३ |
| २० अंश | १२,५३५ ओहम | २.७२ |
| ३० अंश | ८,०३७ ओहम | ३.२६ |

० आणि २० हे दोन बिंदू घेऊन रेघ काढली, तर ५, १० आणि १५ अंशांना चूक ०.१ अंशाच्या आतच राहते. फक्त एक रेझिस्टर बदलून हे मिळतं. ३० अंशांना हीच रेघ २९ दाखवेल, पण दुपारी ३० की २९ याने शेकोटीचा निर्णय बदलत नाही.

रेझिस्टर घेताना एक टक्क्याचाच घ्या. पाच टक्क्यांचा १५ किलोओहमचा रेझिस्टर खरा पाहता १४.२५ किलोओहमचा असू शकतो. १० अंशांच्या आसपास थर्मिस्टर अंशाला ५ टक्के बदलतो, म्हणजे रेझिस्टरच्या ५ टक्क्यांची चूक थेट एका अंशाची चूक होते. घेतल्यावर मल्टिमीटरने मोजा आणि मोजलेला आकडाच प्रोग्रॅममध्ये लिहा. माझा १४,९२० ओहमचा निघाला.

जोडणी

थर्मिस्टर स्टीलच्या टोपीत बंद केलेला, वायरसकट मिळतो, तो घ्या. उघडा मणी बागेत टिकत नाही, त्याचं कारण पुढे येईल. मायक्रोकंट्रोलर म्हणून मी अर्डुइनो नॅनो वापरला. थर्मिस्टरचं एक टोक डिजिटल पिन ७ ला, दुसरं टोक `A0` ला, `A0` पासून ग्राउंडला १५ किलोओहम, आणि त्याच्याच समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा, म्हणजे १०४ छापलेला कपॅसिटर. लांब वायर मोटारीच्या केबलजवळून जात असेल तर तिच्यावर येणारी खरखर हा कपॅसिटर गिळतो. वायरच्या स्वतःच्या रोधाची काळजी करू नका. २६ किलोओहमपुढे दहा ओहम म्हणजे अंशाचा शंभरावा भागही नाही.

थर्मिस्टरला ५ व्होल्ट कायम न देता पिन ७ मधून का द्यायचे? त्यातून वाहणारा प्रवाह त्याला किंचित तापवतो. या जोडणीत मण्यात सुमारे ०.४ मिलिवॉट खर्च होतात. लहान मणी शांत हवेत असेल तर तेवढ्याने तो हवेपेक्षा ०.२ ते ०.३ अंश गरम राहू शकतो. मोजण्यापुरता दहा मिलिसेकंद प्रवाह दिला की हा प्रश्न उरत नाही. मात्र ते दहा मिलिसेकंद थांबा, कारण कपॅसिटर भरायला वेळ लागतो. लगेच वाचलं तर व्होल्टेज कमी येतं आणि यंत्र उगाच जास्त थंडी दाखवतं.

पिनचं व्होल्टेज नेमकं ५ आहे का, याचीही चिंता नको. डिव्हायडर आणि अर्डुइनोचं मोजमाप दोन्ही एकाच पुरवठ्यावर चालतात, त्यामुळे पुरवठा ४.८ झाला तरी गुणोत्तर तेच राहतं. यासाठी अर्डुइनोमधला रेफरन्स बदलू नका, नेहमीचाच राहू द्या.

बर्फाच्या पाण्यात पडताळणी

पहिला बिंदू ० अंश. बर्फ बारीक फोडून थर्मासमध्ये किंवा स्टीलच्या उंच पेल्यात काठोकाठ भरा आणि फटी भरतील एवढंच स्वच्छ थंड पाणी घाला. बर्फ वर तरंगतोय आणि खाली नुसतं पाणी आहे, असं चालणार नाही. तळाशी पाणी ४ अंशांपर्यंत असू शकतं. पाण्यात मीठ जाऊ देऊ नका, त्याने तापमान शून्याखाली जातं. टोपी बर्फाच्या मधोमध राहील अशी धरा, तळाला टेकवू नका, हलवत राहा आणि आकडा स्थिर होईपर्यंत पाचेक मिनिटं थांबा.

दुसरा बिंदू २० अंशांच्या आसपास. माठातल्या पाण्यात थोडं कोमट पाणी मिसळून ते जमतं. ते मोजायला प्रयोगशाळेचा काचेचा तापमापक लागतो. तापाचा तापमापक घेऊ नका, तो ३५ अंशांच्या खाली वाचतच नाही. कोणी म्हणेल दुसरा बिंदू उकळत्या पाण्याचा घ्यावा, १०० अंश ठरलेलेच आहेत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. आणि उकळतं पाणी आपल्या पट्ट्यापासून कितीतरी दूर. पहिल्या वेळी झालेली चूकच पुन्हा होईल.

दोन्ही वेळा थर्मिस्टर जोडणीतून सोडवून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. माझ्या मण्याचे आकडे आले ० अंशांना ३२,६५० आणि २० अंशांना १२,४९० ओहम. वरच्या तक्त्यात ३३,६२१ आणि १२,५३५ होते. मल्टिमीटर चुकला नव्हता. छापलेला ३९५० हा बहुधा २५ आणि ५० अंशांमधून काढलेला असतो आणि बीटा खऱ्या मण्यात सगळीकडे सारखा नसतो. थंडीत तो थोडा कमी भरतो. म्हणून आपल्या दोन आकड्यांतून आपला बीटा काढा:

```
B = ln(32650 / 12490) / (1/273.15 - 1/293.15)
  = 0.9609 / 0.00024977 = 3847
```

छापील ३९५० तसाच ठेवला असता तर बर्फात यंत्राने ०.५५ अंश दाखवले असते.

आता रेघ वापरावी की सूत्र? नुसतं मल्टिमीटरवर व्होल्टेज बघून तापमान सांगायचं असेल, किंवा दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या साध्या कंपॅरेटरने बझर वाजवायचा असेल, तर १५ किलोओहम आणि सरळ रेघ पुरेशी आहे. मायक्रोकंट्रोलर आहेच तर सूत्र घाला. मग वाकडेपणाचा प्रश्न गणितच सोडवतं आणि दुपारचं तापमानही बरंच नीट येतं. रेझिस्टर मात्र तरीही पट्ट्यानुसारच निवडा, कारण तिथे अंशाला ६० मिलिव्होल्ट मिळतात. अर्डुइनोची एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची असते, म्हणजे एका पायरीला ०.०८ अंश. रेझिस्टर भलताच निवडला तर हेच वाचन ओबडधोबड होतं आणि सूत्र ते सुधारू शकत नाही.

```cpp
const float RF = 14920.0, R0 = 32650.0, B = 3847.0;

float tapman() {
  digitalWrite(7, HIGH);
  delay(10);
  long s = 0;
  for (int i = 0; i < 16; i++) s += analogRead(A0);
  digitalWrite(7, LOW);
  float n = s / 16.0;
  if (n < 20 || n > 1000) return -99;
  float r = RF * (1023.0 / n - 1.0);
  return 1.0 / (1.0/273.15 + log(r / R0) / B) - 273.15;
}
```

`setup()` मध्ये `pinMode(7, OUTPUT);` लिहायला विसरू नका. ० अंशांना `n` सुमारे ३२१ आणि २० अंशांना ५५७ यायला हवा. तसा आला तर जोडणी बरोबर आहे. उणे ९९ आलं की वायर तुटली किंवा दोन्ही टोकं एकमेकांना चिकटली, आणि ६ पेक्षा कमी असल्याने दोन्ही वेळा बझर वाजतोच.

दव: सर्वांत घातक बिघाड

तुटलेली वायर स्वतःहून कळते, ओल कळत नाही. सांध्यात दव शिरलं की थर्मिस्टरच्या दोन टोकांमध्ये पाण्यातून एक चोरवाट तयार होते. समजा ती २ लाख ओहमची आहे. ५ अंशांचे २५,९२५ ओहम आणि त्याच्या समांतर २ लाख, मिळून २२,९५० ओहम होतात. यंत्र ७.४ अंश दाखवतं, बझर गप्प राहतो आणि बाग थंडीत उभी असते. दव पडतं तेही नेमकं पहाटेच. म्हणून टोपीतल्या थर्मिस्टरला पुढे जोडलेल्या वायरीचा प्रत्येक सांधा एकमेकांपासून दूर ठेवा, आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवा आणि सांधा खाली लोंबकळू न देता वर बांधा.

बसवण्याआधी एक परीक्षा घ्या. टोपी आणि सगळे सांधे पाण्याच्या बादलीत रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी बादलीत काचेचा तापमापकही धरा. यंत्र त्याच्यापेक्षा जास्त तापमान दाखवत असेल तर कुठेतरी पाणी शिरलंय. नंतर वाळल्यावर आकडा पुन्हा बरोबर आला तर खात्रीच समजा.

बागेत टोपी घडांच्या उंचीवर, पानांच्या आत टांगा आणि वर एखादी पांढरी ताटली उलटी बांधा, खालून हवा खेळती राहील अशी. उघड्या आकाशाखाली टोपी रात्री स्वतःची उष्णता आकाशात सोडते आणि हवेपेक्षा थंड होते. मग यंत्र हवेचं नाही, स्वतःच्या टोपीचं तापमान सांगतं.

मामांच्या बागेत हे दुसरं यंत्र बसवलं त्या पहाटे काचेच्या तापमापकावर साडेपाच होते आणि पडद्यावर ५.४. बझर वाजला, ठिबक सुरू झालं. तेव्हापासून दर कार्तिकात, थंडी सुरू होण्याआधी, टोपी सोडवून एकदा बर्फात बुडवतो. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर आधी सांधे बघतो आणि मग मणी बदलतो.